डॉक्टरांनी व्हॉट्सॲपवर दिलेला सल्ला हीसुद्धा केस पेपरची नोंद असते; पण ती ठेवायची कुठे आणि किती दिवस?

रात्रीचे साडेनऊ. डोंबिवली पश्चिमेला राहणारा एक मुलगा ऑफिसातून अजून घरी पोचायचाय, फास्ट लोकलमध्ये मुंब्र्याच्या पुढे उभा आहे. आईचा फोन येतो, बाबांना दरदरून घाम सुटलाय. बाबा ५८ वर्षांचे, डायबेटिसचे जुने पेशंट. आई ग्लुकोमीटरचा फोटो पाठवते, आकडा ६४. मुलगा तो फोटो तसाच फॅमिली डॉक्टरांना फॉरवर्ड करतो आणि लिहितो, "डॉक्टर, सकाळपासून उलट्या होतायत, रात्रीची गोळी देऊ का?"

प्रसंग काल्पनिक आहे, पण ठाणे, कल्याण, डोंबिवलीत ज्यांचा फॅमिली डॉक्टर आहे त्यांना तो ओळखीचा वाटेल. दवाखाना एका खोलीचा, बाहेर बाकडं, काउंटरवर एक ताई आणि तिच्यासमोर दवाखान्याचा एक मोबाईल. दिवसा त्यावर अपॉइंटमेंट घ्यायच्या आणि रात्री त्यावरच सल्ला द्यायचा.

आपल्या प्रसंगातल्या डॉक्टर उत्तर देतात: तीन-चार छोटे चमचे साखर पाण्यात विरघळवून लगेच द्या, १५ मिनिटांनी परत शुगर तपासा, रात्रीची ग्लिमेपिराइड देऊ नका, शुगर ७० च्या वर आली नाही, पाणी पोटात टिकलं नाही किंवा ते गुंगीत गेले तर थांबू नका, थेट हॉस्पिटल. वीस मिनिटांनी दुसरा फोटो येतो, ९२. सगळे सुटकेचा श्वास सोडतात.

आता प्रश्न असा की, या आठ-दहा मेसेजचं पुढे काय करायचं? बहुतेक ठिकाणी काहीच होत नाही. ते फोनमध्ये पडून राहतात, मग कधीतरी 'स्टोरेज फुल' आलं की उडवले जातात. पडून राहणं आणि उडवणं, दोन्हीत गोची आहे.

रत्नागिरीचं प्रकरण आणि २०२० चे नियम

फोनवरच्या सल्ल्याबद्दल महाराष्ट्रातले डॉक्टर धास्तावले ते २०१८ मध्ये. त्या वर्षी फेब्रुवारीत रत्नागिरीत सिझेरियन होऊन घरी गेलेल्या एका महिलेला त्रास सुरू झाला. नातेवाइकांनी डॉक्टरांना फोन केला, औषध फोनवरूनच सांगितलं गेलं. पुढे तिची तब्येत बिघडली आणि तिचा मृत्यू झाला. २५ जुलै २०१८ ला मुंबई उच्च न्यायालयानं संबंधित डॉक्टर दाम्पत्याचा अटकपूर्व जामीन फेटाळला. न तपासता, निदान न करता औषध सांगणं हा न्यायालयाच्या दृष्टीनं गंभीर निष्काळजीपणा होता. हा जामिनावरचा आदेश होता, दोष सिद्ध झाल्याचा निकाल नव्हता, पण फोनवर काही सांगायलाच नको, असा धसका अनेकांनी घेतला.

मग कोरोना आला. लॉकडाऊन लागला त्याच दिवशी, म्हणजे २५ मार्च २०२० ला, टेलिमेडिसिनचे नियम जाहीर झाले. डॉक्टरांच्या वर्तनाबद्दलची २००२ ची जी नियमावली आहे, तिलाच ते जोडण्यात आले. व्हॉट्सॲप, फोन, ईमेल, व्हिडिओ कॉल असं कशावरही सल्ला द्यायला त्यात परवानगी आहे. होमिओपॅथी आणि आयुर्वेदाच्या डॉक्टरांसाठीही त्याच धर्तीवर वेगळे नियम निघाले.

परवानगीसोबत एक जबाबदारीही आली आणि ती फारशी कुणाच्या लक्षात नाही. सल्ला दिल्याची नोंद डॉक्टरांनी ठेवायची. फोन असेल तर कॉलचा लॉग, चॅट असेल तर चॅट. सल्ला देताना जे रिपोर्ट किंवा फोटो पाहिले, तेही ठेवायचे. प्रिस्क्रिप्शन दिलं असेल तर समोर बसलेल्या पेशंटच्या बाबतीत जसं जपतात, तसंच जपायचं. म्हणजे त्या रात्रीचा ६४ चा फोटो आता 'फॉरवर्ड' राहिला नाही. त्याच्यावरून गोळी बंद करायचा निर्णय झाला, त्यामुळे तो पेशंटच्या कागदपत्रांचा भाग झाला.

मेसेज मुलाचा, आजार बाबांचा

आपल्या उदाहरणातली पहिली अडचण वैद्यकीय नाहीच. डॉक्टरांशी बोलणारा माणूस पेशंट नाही.

पेशंटनं स्वतः मेसेज केला तर त्याची संमती आहे असं नियम गृहीत धरतात. पण घरच्यांनी सुरुवात केली तर स्पष्ट संमती लागते. ती मेसेज किंवा व्हॉइस नोट अशी कशीही चालते, फक्त तिची नोंद हवी. "हो डॉक्टर, मुलगा माझ्याबद्दल बोलतोय" अशी बाबांची पाच सेकंदांची व्हॉइस नोट पुरते. पेशंटला डॉक्टरांनी आधी प्रत्यक्ष तपासलेलं असेल तर ओळखीचा प्रश्नही सुटतो. बाबा महिन्यापूर्वीच दवाखान्यात येऊन गेले होते. त्याच आजारासाठी सहा महिन्यांच्या आत पुन्हा सल्ला घेतला तर तो 'फॉलो-अप' धरतात, हेही इथे बसतं. शुद्ध हरपायची वेळ आलेली असताना मात्र आधी साखर, मग व्हॉइस नोट, हे सांगायला नियम लागत नाही.

दुसरी अडचण अशी की, निम्मं बोलणं चॅटमध्ये नसतंच. डॉक्टर टाइप करता करता वैतागून फोन लावतात आणि मुख्य सूचना तोंडी देतात. चॅटमध्ये उरतो फक्त फोटो आणि "थँक्यू डॉक्टर". सहा महिन्यांनी कुणी ते वाचलं तर डॉक्टरांनी हॉस्पिटलला जायला सांगितलं होतं की नाही, हे कळायला मार्ग नाही. यावर उपाय फोन ठेवल्यावर एक ओळ टाकण्याचा: "आत्ता फोनवर सांगितल्याप्रमाणे, रात्रीची गोळी बंद, ७० च्या खाली राहिली तर हॉस्पिटल." दोन निळ्या टिक आल्या की सूचना पोचल्याचीही खूण मिळते. अर्थात समोरच्यानं ब्लू टिक बंद ठेवल्या नसतील तर.

तिसरी गोष्ट चुकीची दुरुस्ती. समजा घाईत 'अर्धी गोळी' ऐवजी 'एक गोळी' लिहिलं गेलं. हात पहिल्यांदा 'डिलीट फॉर एव्हरीवन'कडे जातो, कारण व्हॉट्सॲप त्यासाठी दोन दिवसांहून जास्त वेळ देतं. पण पेशंटच्या फोनवर मेसेज काढून टाकल्याची खूण राहते, आणि मधल्या वेळात त्यानं तो वाचून गोळी घेतलेली असू शकते. पुढे वाद झाला तर मजकुरापेक्षा ती रिकामी खूणच जास्त बोलते. एडिटचंही तसंच आहे, १५ मिनिटांत मेसेज बदलता येतो, पण बदलल्याचं तिथे दिसतं. कागदावर डॉक्टर चुकलेल्या शब्दावर एक रेघ मारून बाजूला सही करतात, खोडून काळं करत नाहीत. चॅटमध्ये त्याला समांतर कृती म्हणजे चुकीचा मेसेज तसाच ठेवून खाली "वरचं चुकलं, अर्धीच गोळी द्या" असं लिहिणं आणि शक्य असेल तर फोन करणं.

चॅट म्हणजे केस पेपर नव्हे

इथे अनेक दवाखान्यांचा गोंधळ होतो. नोंद ठेवायची आहे ना, मग व्हॉट्सॲपवर सगळं आहेच की! पण व्हॉट्सॲपवर पेशंट नंबरानं शोधावा लागतो, नावानं नाही. एकाच नंबरावरून आजीचा गुडघा, नातवाचा खोकला आणि सुनेची पाळी असं तिघांचं बोलणं सरमिसळ झालेलं असतं. मुलानं नंबर बदलला की बाबांची हिस्टरी दोन ठिकाणी तुटते. शिवाय चॅटमध्ये 'डिसअपिअरिंग मेसेज' चालू असेल तर २४ तास, ७ दिवस किंवा ९० दिवसांनी सगळं आपोआप जातं, आणि ती सेटिंग पेशंटही चालू करू शकतो. 'व्ह्यू वन्स'वर आलेला फोटो तर बघून झाला की संपलाच.

म्हणून दुसऱ्या दिवशी सकाळी दवाखाना उघडल्यावर डॉक्टर बाबांचा केस पेपर काढतात आणि चार ओळी लिहितात. तारीख, रात्री ९.३५, व्हॉट्सॲप आणि फोन. मुलाकडून निरोप, बाबांची संमती व्हॉइस नोटवर. उलट्या, घाम, शुगर ६४. साखरपाणी, ग्लिमेपिराइड रात्री बंद, हॉस्पिटलला कधी जायचं ते सांगितलं. वीस मिनिटांनी ९२. उद्या प्रत्यक्ष बोलावलं. खाली सही. याला दोन मिनिटं लागतात आणि पुढच्या वेळी बाबा आले की डॉक्टरांना फोन उघडावाच लागत नाही.

मूळ चॅटही लागतं, कारण नियमांत चॅटची नोंद असं स्पष्ट म्हटलंय. त्यासाठी व्हॉट्सॲपमध्ये `Export chat` आहे. त्यातून अख्ख्या चॅटची एक .txt फाइल आणि सोबत फोटो मिळतात. ते दवाखान्याच्या कॉम्प्युटरवर पासवर्ड असलेल्या फोल्डरमध्ये, पेशंटच्या केस नंबरानं ठेवायचं. इथे एक खोच आहे. एक्सपोर्टमध्ये ठरावीक दिवसापुरतं चॅट निवडता येत नाही, सगळंच येतं. म्हणजे बाबांच्या फाइलमध्ये सुनेचे मेसेजही शिरतात. फाइल उघडून दुसऱ्याचा मजकूर वेगळा काढावा तर मूळ नोंदीला हात लावल्यासारखं होतं. त्यापेक्षा सुरुवातीलाच "प्रत्येकानं शक्यतो आपापल्या नंबरवरून मेसेज करा" असं दवाखान्यात लिहून लावलं तर नंतरचा व्याप वाचतो.

कुलूप दाराला, खिडकी उघडी

"व्हॉट्सॲप तर एन्क्रिप्टेड असतं," असं कुणीही सांगेल. खरंय, पण ते कुलूप मेसेजच्या प्रवासाला आहे. मेसेज एका फोनवरून दुसऱ्यावर जाताना मध्ये कुणी वाचू शकत नाही. पोचल्यानंतर तो दवाखान्याच्या फोनवर उघडाच असतो.

सगळ्यात मोठी गळती गॅलरीतून होते. मीडियाचं ऑटो-डाउनलोड चालू असलं की आलेला प्रत्येक फोटो फोनच्या गॅलरीत उतरतो, आणि फोटोंचा बॅकअप चालू असेल तर तिथून तो थेट क्लाउडवर. अंगावरच्या पुरळाचा, टाक्यांचा, सोनोग्राफीचा फोटो असा वाढदिवसाच्या केकशेजारी जाऊन बसतो. डॉक्टरांचं वैयक्तिक अकाउंट घरच्या टीव्हीला जोडलेलं असेल तर पुढचा प्रसंग लिहायची गरज नाही.

दुसरी खिडकी बॅकअपची. गुगल ड्राइव्ह किंवा आयक्लाउडवर जाणाऱ्या चॅट बॅकअपला एन्क्रिप्शनचं कुलूप आपोआप लागत नाही. २०२१ पासून ती सोय आहे, पण सेटिंगमध्ये जाऊन स्वतः चालू करावी लागते. पासवर्ड विसरलात तर मात्र बॅकअपही गेला, हे लक्षात ठेवून.

तिसरी, माणसांची. काउंटरवरची ताई स्वतःच्या मोबाईलवरून पेशंटशी बोलत असेल, तर नोकरी सोडताना ती दवाखान्याच्या नोंदी सोबत घेऊन जाते. तिचा त्यात काही दोष नसतो. दवाखान्यानं वेगळा नंबर घेतला तरी 'लिंक्ड डिव्हायसेस'मध्ये तिचा लॅपटॉप जोडलेलाच राहिला, असंही होतं. ती यादी दर महिन्याला उघडून बघायला अर्धं मिनिट लागतं.

आणि चौथी खिडकी पेशंटच्या घरात आहे. आपल्याकडे घरटी एक मोठा फोन असतो आणि तो बहुतेक वेळा नवऱ्याच्या किंवा मुलाच्या हातात असतो. एखाद्या बाईनं दवाखान्यात केलेल्या प्रेग्नन्सी टेस्टचा निकाल केस पेपरवरच्या नंबरवर पाठवला, आणि तो नंबर सासऱ्यांचा निघाला तर? दवाखान्यानं एकही नियम जाणूनबुजून मोडलेला नसतो, पण तिच्या आयुष्यात मात्र उलथापालथ होते. गर्भपात करून घेणाऱ्या महिलेचं नाव आणि तपशील उघड करायला कायद्यानं बंदी आहे. एचआयव्ही आणि मानसिक आजारांच्या माहितीलाही २०१७ च्या दोन वेगवेगळ्या कायद्यांचं खास संरक्षण आहे. असे निकाल चॅटवर पाठवूच नयेत, असं माझं स्पष्ट मत आहे. "रिपोर्ट आलाय, स्वतः येऊन भेटा" एवढंच पुरतं, आणि तेही दर सहा महिन्यांनी नंबर विचारून घेऊन. बंद झालेला मोबाईल नंबर ९० दिवसांनंतर दुसऱ्या ग्राहकाला मिळू शकतो, त्यामुळे जुन्या नंबरवर गेलेला रिपोर्ट अनोळखी माणूस वाचत असेल.

कुणाला सांगायचं, कुणाला नाही

२००२ च्या नियमावलीनुसार पेशंटची गुपितं तीनच प्रसंगी उघड करता येतात: न्यायाधीशांचा आदेश असेल तेव्हा, एखाद्या ठरावीक व्यक्तीला किंवा समाजाला गंभीर धोका असेल तेव्हा, आणि सरकारला कळवणं सक्तीचं असलेला आजार असेल तेव्हा. पण तिसऱ्या प्रसंगी सांगायचं ते आरोग्य खात्याला. डिसेंबर २०२१ मध्ये राज्यातला पहिला ओमायक्रॉनचा रुग्ण कल्याण-डोंबिवलीत सापडला, तेव्हा महापालिकेला कळवणं हा नियमाचा भाग होता. अशा रुग्णाचा रिपोर्ट सोसायटीच्या ग्रुपवर फिरवणं कोणत्याच नियमात बसत नाही. डॉक्टरांच्या आपसातल्या ग्रुपवर 'इंटरेस्टिंग केस' म्हणून फोटो टाकतानाही चेहरा, नाव, रिपोर्टवरचा बारकोड झाकायलाच हवा. ओळख पटेल असा फोटो पेशंटच्या परवानगीशिवाय प्रसिद्ध करायला त्याच नियमावलीत मनाई आहे.

मग किती दिवस ठेवायचं?

'तीन वर्षं' हा आकडा सगळे सांगतात. तो आलाय त्याच २००२ च्या नियमावलीतून, पण तिथे तो दाखल झालेल्या पेशंटच्या नोंदींसाठी आहे, उपचार सुरू झाल्यापासून तीन वर्षं. बेड नसलेल्या दवाखान्याला तो शब्दशः लागू नाही. तरीही तोच पाळणं शहाणपणाचं आहे, कारण ग्राहक आयोगात तक्रार करायला साधारण दोन वर्षांची मुदत असते आणि त्यापुढे थोडी मोकळीक राहते. डायबेटिससारख्या आजारात तर उपचार सुरूच असतो, तिथे केस पेपर कायम लागतो. पण केस पेपर कायम लागतो म्हणून २०२१ मधला गळवाचा फोटोही कायम लागतो, असं नाही.

नवा डेटा संरक्षण कायदा नेमका इथे आडवा येतो. २०२३ मध्ये संसदेनं तो केला, नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले आणि मुख्य तरतुदी त्यानंतर १८ महिन्यांनी, म्हणजे मे २०२७ मध्ये लागू व्हायच्या आहेत. ज्या कामासाठी माहिती घेतली ते संपलं की ती पुसायची, असं तो सांगतो, दुसऱ्या कायद्यानं ठेवायला लावली असेल तर अपवाद. माहिती सांभाळायला योग्य ती सुरक्षा ठेवली नाही तर दंडाची कमाल मर्यादा २५० कोटी आहे. एका खोलीच्या दवाखान्याला एवढा दंड होणार नाही, रक्कम ठरवताना चुकीचं गांभीर्य पाहिलं जातं. पण लहान दवाखाना म्हणून आपोआप सूटही नाही. फोन चोरीला गेला आणि त्यात चॅट असतील तर तो डेटा फुटल्याचा प्रकार ठरू शकतो. तसं झालं तर पेशंटना आणि डेटा संरक्षण मंडळाला कळवावं लागेल. दादर-कल्याणच्या गर्दीत फोन मारला जाणं ही काही दुर्मीळ गोष्ट नाही, म्हणून दवाखान्याचा फोन दवाखान्यातच राहिलेला बरा.

तोवर २०११ चे आयटी कायद्याखालचे नियम आहेतच. त्यात आरोग्याची माहिती 'संवेदनशील' मानली आहे आणि एका मालकाचा व्यवसायही त्यात येतो.

तर व्यवहारात हिशोब असा बसतो. निर्णय ज्यावर झाला ते चॅट आणि फोटो एक्सपोर्ट करून तीन वर्षं, फोनवरून मात्र एक्सपोर्ट झाल्यावर काढून टाकायचं. ज्याचा उपचाराशी संबंध नव्हता, म्हणजे आधार कार्डाचा फोटो, शेजारणीचा रिपोर्ट, चुकून आलेलं लग्नाचं निमंत्रण, ते लगेच. वाद सुरू झाला असेल किंवा नोटीस आली असेल तर काहीही पुसायचं नाही, फोनही बदलायचा नाही. कारण कोर्टात नुसता स्क्रीनशॉट चालत नाही. जालन्याच्या अर्जुन खोतकर आणि कैलास गोरंट्याल यांच्या निवडणूक खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं जुलै २०२० मध्ये सांगितलं की, इलेक्ट्रॉनिक पुराव्याच्या प्रतीसोबत कायद्यातलं प्रमाणपत्र हवंच, किंवा मग मूळ उपकरणच मालकानं हजर करावं. जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष अधिनियमातही, कलम ६३ मध्ये, प्रमाणपत्राची अट कायम आहे.

आणि पेशंटनं मागितलं तर?

तुमच्याबद्दलची नोंद मागायचा हक्क तुम्हाला आहे. गोपनीयतेचं कारण देऊन पेशंटलाच त्याचे कागद नाकारता येत नाहीत, हे मुंबई उच्च न्यायालयानं १९९६ मध्येच स्पष्ट केलंय. २००२ च्या नियमावलीत त्यासाठी ७२ तासांची मुदत आहे. मागणी लेखी करा, तारीख टाका, पोच घ्या. व्हॉट्सॲपवर सल्ला घेतला असेल तर तेही त्यात नमूद करा, नाहीतर फक्त केस पेपरची झेरॉक्स मिळते.

उलट बाजूनं, "माझं चॅट पुसून टाका" असं तुम्ही सांगितलंत तर डॉक्टर फोनवरचं पुसू शकतात, फोटो काढू शकतात, पण सल्ल्याची नोंद लगेच पुसायला नकार देऊ शकतात. तो नकार नियमाला धरून आहे. त्या रात्रीचे ६४ आणि ९२ बाबांच्या केस पेपरवर राहणार. मुलाच्या नंबरावरचं बाकीचं सगळं, अगदी आईनं नंतर पाठवलेल्या 'शुभ रात्री'च्या फुलांसकट, दवाखान्याच्या फोनवर राहायचं काही कारण नाही.